शेवटच्या हायड्रंटवर पाणी येतं, पण दाब किती उरतो?

हायड्रंटमधून पाणी सुटत नाहीये, त्याच्या तोंडाला लावलेलं गेज ५.५ बार दाखवतंय. यावरून फक्त एवढंच कळतं की पाइपात पाणी भरलेलं आहे आणि जॉकी पंपाने दाब धरून ठेवलेला आहे. व्हॉल्व्ह उघडून तीन-चार होज एकदम चालू केल्यावर तिथे काय उरेल, हे त्या आकड्यात नसतं. आगीच्या वेळी कामाला येतो तो हा उरलेला दाब. आपल्याकडे साइटवर त्याला सरळ ‘रेसिड्युअल प्रेशर’ म्हणतात.

कॅम्पसभोवती हायड्रंटची रिंग मेन टाकताना पाइप किती व्यासाचा घ्यायचा, याचं उत्तर या उरलेल्या दाबातूनच निघतं. अनेकदा आधी पाइप ठरतो, ‘१५० चा टाका, सगळीकडे तोच असतो’ असं म्हणून, आणि गणित नंतर फाइलला जोडलं जातं. सपाट जागेवर हे बऱ्याचदा निभावून जातं. नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्याला किंवा टेकड्यांच्या पायथ्याशी जी संकुलं उभी राहतात, तिथे निभावेलच असं नाही. कारण आहे जमिनीचा चढ.

एक काल्पनिक पण अगदी नेहमीसारखं संकुल घेऊ. शैक्षणिक कॅम्पस, गेट रस्त्याला लागून खाली, मागची हद्द चढावर. पाण्याची जोडणी आणि टँकर गेटपाशी येतात, म्हणून भूमिगत टाकी आणि पंप हाऊस गेटजवळ. तिथून ४० मीटरची मुख्य लाइन निघते आणि रिंगला मिळते. रिंगची एकूण लांबी १२०० मीटर. सगळ्यात लांबचे हायड्रंट वर्कशॉपच्या मागे, उत्तरेकडून गेलं तरी ६०० मीटर आणि दक्षिणेकडून गेलं तरी ६०० मीटर. दक्षिण बाजूला ४०० मीटरवर ग्रंथालय. पंप मिनिटाला २८५० लिटरचा, ७० मीटर हेडचा. ७० मीटर म्हणजे ६.८७ बार.

किती दाब उरायला हवा, आणि का

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये सगळ्यात गैरसोयीच्या हायड्रंटवर ३.५ बार दाब धरलेला आहे. हा आकडा नोझलपासून मागे येत तपासला की पटतो. हायड्रंटला १५ मीटरच्या दोन होज जोडल्या, पुढे २० मिलिमीटर तोंडाची नोझल असलेला ब्रांच पाइप लावला. होजमध्ये साधारण पाव बार जातो, म्हणजे नोझलशी ३.२ बारच्या आसपास उरतो. नोझलमधून निघणारं पाणी असं काढतात:

```
Q = 0.67 × d² × √P
```

इथे Q म्हणजे मिनिटाला लिटर, d म्हणजे नोझलचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि P म्हणजे नोझलपाशी बारमधला दाब. ३.२ बारला उत्तर येतं मिनिटाला सुमारे ४८० लिटर. दाब १ बारवर आला की तेच नोझल २६८ लिटर देतं. पाणी बंद होत नाही, पण धार वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत जाण्याइतकी सरळ राहत नाही. बघणाऱ्याला मात्र ‘पाणी तर येतंय’ असंच वाटतं.

औद्योगिक साठवणुकीच्या जागांना विम्याच्या दृष्टीने याहून जास्त दाब लागतो. टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीच्या नियमांत त्यासाठी ५.२५ बारचा आकडा आहे. सातपूर-अंबडच्या गोदामांसाठी काम करत असाल तर कोणता आकडा लागू आहे हे आधी विचारून घ्या. आपलं उदाहरण शैक्षणिक आहे, म्हणून ३.५ धरू.

याच नियमांतली दुसरी अट फार उपयोगाची आहे. पंपाच्या एकूण क्षमतेचं अर्धं पाणी सगळ्यात लांबच्या ठिकाणी आणि उरलेलं अर्धं वाटेतल्या सर्वात धोक्याच्या ठिकाणी सुटतंय, असं मानून दाब तपासायचा. शिवाय पाइपात पाण्याचा वेग कुठेही सेकंदाला ५ मीटरच्या वर जायला नको. आपल्याकडे म्हणजे वर्कशॉपमागे १४२५ लिटर आणि ग्रंथालयाशी १४२५ लिटर. शेवटचा एकच हायड्रंट उघडून हिशेब केला तर जवळपास कुठलीही लाइन पास होते, म्हणून ही अट सोडू नये.

दाब कुठे कुठे खर्च होतो

पंपापासून शेवटच्या हायड्रंटच्या तोंडापर्यंत दाब तीन प्रकारे जातो, आणि तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिला चढ. दर १० मीटर उंचीला जवळपास १ बार. पाइप १०० चा असो की ३०० चा, यात तिळमात्र फरक पडत नाही. पाणी वाहत असो नसो, हा खर्च ठरलेलाच.

दुसरं पाइपातलं घर्षण. यावर आपला हात चालतो. त्यासाठी हेझन-विल्यम्सचं सूत्र वापरतात:

```
p = 6.05 × 10^5 × Q^1.85 / (C^1.85 × d^4.87)
```

p म्हणजे एका मीटरमागे बारमध्ये जाणारा दाब, Q मिनिटाला लिटर, d पाइपचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये. C हा पाइपच्या आतल्या गुळगुळीतपणाचा आकडा, नव्या माइल्ड स्टीलला १२० धरतात. सूत्र पाठ करायची गरज नाही, पण त्यातले दोन घातांक ध्यानात ठेवावेत. पाणी दुप्पट झालं की घर्षण साडेतीन पटीहून जास्त होतं. आणि व्यास १५० वरून १०० वर आणला की तेवढ्याच पाण्याला घर्षण सात पट होतं. इथे बाजारातला नाममात्र व्यास न घालता आतला खरा व्यास घालायचा. जाड भिंतीच्या १५० च्या पाइपचा तो साधारण १५४ मिलिमीटर असतो, १०० चा १०३.

तिसरा स्थानिक खर्च. पंप हाऊसमधले व्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि गाळणी, आणि दुसऱ्या टोकाला हायड्रंटचा उभा पाइप आणि लँडिंग व्हॉल्व्ह. आपण पंप हाऊससाठी ०.३ बार आणि हायड्रंटच्या उभ्या पाइप-व्हॉल्व्हसाठी ०.४ बार धरू. लँडिंग व्हॉल्व्हमध्ये पाणी वळून बाहेर पडतं, त्यामुळे त्याचा खर्च वाटतो तितका किरकोळ नसतो.

रिंगमध्ये पाणी कसं वाटलं जातं

इथे बरेच जण अडखळतात. रिंगला दोन बाजू आहेत म्हणून पाणी अर्धं-अर्धं जाईल असं मानतात. तसं होत नाही. पाणी अशा रीतीने वाटलं जातं की दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी पोचताना दाबाचा तोटा सारखाच भरावा. एका ठिकाणी एकाच वेळी दोन वेगळे दाब असू शकत नाहीत, एवढ्या एका गोष्टीतून सगळं वाटप ठरतं.

आपल्या उदाहरणात अंदाजाने आकडे घालत जायचं. उत्तरेकडून १३०० लिटर गेले असं मानलं, तर उत्तरेचा तोटा दक्षिणेपेक्षा जास्त येतो. १२५० मानले तर कमी येतो. मध्ये कुठेतरी मेळ बसतो, आणि तो १२७२ वर बसतो. म्हणजे उत्तरेकडून १२७२ लिटर ६०० मीटर चालून थेट वर्कशॉपला पोचतात. दक्षिणेकडून १५७८ लिटर निघतात. त्यांतले १४२५ ग्रंथालयाशी सुटतात आणि उरलेले १५३ पुढचे २०० मीटर जाऊन वर्कशॉपला मिळतात. बेरीज जमते: १२७२ अधिक १५३ म्हणजे १४२५.

या प्रयत्न-दुरुस्तीच्या रीतीला हार्डी क्रॉस पद्धत म्हणतात. एकच रिंग असेल तर स्प्रेडशीटवर होते, मध्ये आडव्या जोडण्या असतील तर EPANET सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरावं. तरी निदान एकदा हाताने करून बघा, असं मी नव्या इंजिनिअरना आग्रहाने सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये एक लांबी चुकून घातली गेली तरी उत्तर येतंच, आणि ते उत्तर विचित्र आहे हे ओळखायला हाताचा अंदाज लागतो.

आता १५० च्या पाइपात हा तोटा येतो ०.६४ बार. वळणं, टी आणि रिंगवरचे व्हॉल्व्ह यांच्यासाठी २० टक्के वाढवू, झाले ०.७६. अंतिम डिझाइनमध्ये प्रत्येक फिटिंगची समतुल्य लांबी घालायची असते. पाइप निवडण्याच्या टप्प्यावर २० टक्के पुरतात.

वर्कशॉपमागचा हायड्रंट पंपापेक्षा, तोंडाची उंची धरून, १५ मीटर वर आहे. त्याचे १.४७ बार. गेटपासूनची ४० मीटर लाइन २०० ची घेतली तर तिचे ०.०५. सगळं वजा करत जाऊ:

```
6.87 − 0.30 − 0.05 − 0.76 − 1.47 − 0.40 = 3.89 bar
```

३.५ हवे होते, ३.८९ उरले. पास.

हाच हिशेब १०० च्या पाइपाने केला तर रिंगमधला तोटा ५.४ बारवर जातो आणि शेवटी उत्तर शून्याच्याही खाली येतं. म्हणजे एवढं पाणी तिथे पोचणारच नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या १०० च्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला ३.२ मीटरच आहे, ५ च्या मर्यादेत आरामात बसतो. वेगाची अट पाळली म्हणून पाइप पुरेसा आहे असं समजणं किती धोक्याचं आहे, ते इथे दिसतं. वेगाची मर्यादा आणि दाबाची अट, दोन्ही तपासायच्या. लांब रिंगमध्ये जवळपास नेहमी दाबाचीच अट आधी तुटते.

लांबचा हायड्रंट आणि अवघड हायड्रंट

३.८९ आले म्हणून ड्रॉइंगवर सही करण्याआधी साइटच्या लेव्हल पुन्हा बघायच्या. आपल्या संकुलात उत्तर बाजूला, ४०० मीटरवर, एका टेकाडावर मुलींचं वसतिगृह आहे. तिथला हायड्रंट पंपापेक्षा २२ मीटर वर आहे. अंतराने तो वर्कशॉपपेक्षा २०० मीटर जवळ, म्हणून ‘लांबचा पास झाला तर हा होणारच’ असं कुणालाही वाटेल.

हिशेब करून पाहू. अर्धं पाणी वसतिगृहाशी, अर्धं ग्रंथालयाशी. दोन्ही ठिकाणं पंपाकडून ४०० मीटरवर, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. त्यामुळे या वेळी पाणी खरोखरच अर्धं-अर्धं वाटलं जातं आणि घर्षणाचा तोटा फिटिंगसकट ०.६३ बार येतो. म्हणजे २०० मीटर जवळ असून आपण वाचवले फक्त ०.१३ बार. चढाचे मात्र २.१६ बार गेले, वर्कशॉपपेक्षा ०.६९ ने जास्त. उत्तर: ३.३३ बार. नापास.

अटीतल्या ‘सगळ्यात लांब’ या शब्दांना मीटरमध्ये मोजण्यापेक्षा बारमध्ये मोजावं ते यासाठी. सर्व्हेअरकडून फक्त सीमारेषेचा नकाशा न घेता प्रत्येक हायड्रंटच्या जागेची लेव्हल घ्या. कंटूरच्या नकाशावर एका मीटरचा फरक दुर्लक्षला जातो, आणि तो इथे एका बारच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. काटछाट करून बसवलेलं डिझाइन नापास व्हायला तेवढा पुरतो.

एक व्हॉल्व्ह बंद राहिला तर

रिंग करायचं मुख्य कारणच हे की एखादा भाग दुरुस्तीसाठी बंद केला तरी दुसऱ्या बाजूने पाणी मिळावं. पाणी मिळतंच, पण दाबाचं काय? पंप हाऊस ते ग्रंथालय हा दक्षिणेचा भाग बंद आहे असं मानू. आता सगळे २८५० लिटर उत्तरेकडूनच जाणार. पाणी दुप्पट झालं की घर्षण साडेतीन पट, हा घातांक इथे अंगावर येतो. वर्कशॉपपर्यंतचा तोटा ०.७६ वरून ३.३९ बारवर जातो आणि उरलेला दाब ३.८९ वरून १.२६ वर येतो.

पाइप नवा, पंप नवा, कुठे गळती नाही, तरी ही अवस्था. आणि ही कल्पनेतली गोष्ट नाही. रिंगवरचे व्हॉल्व्ह जमिनीखालच्या चेंबरमध्ये असतात. नाशिकच्या पावसाळ्यात चेंबर गाळाने भरतात, पुढे कुणी केबलसाठी खणतं, पाइप दुखावतो, प्लंबर व्हॉल्व्ह बंद करून दुरुस्ती करतो आणि झाकण बसवून निघून जातो. बंद व्हॉल्व्ह बाहेरून दिसत नाही. दाब स्थिर असताना तो कोणत्याही गेजवरही दिसत नाही, कारण पाणी वाहत नसलं की घर्षण शून्य, आणि दुसऱ्या बाजूने रिंग पूर्ण भरलेलीच असते. वर्कशॉपमागे गेज ५.५ बारच दाखवत राहतं. लेखाच्या सुरुवातीचा आकडा तो हाच: पंप हाऊसमध्ये जॉकीने धरलेले ७ बार वजा १५ मीटर चढ.

संहिता असं म्हणत नाही की एक भाग बंद ठेवूनही पूर्ण पाणी आणि पूर्ण दाब मिळालाच पाहिजे. पण चढावरच्या कॅम्पसला मी ही तपासणी करतोच, आणि तिच्यावर पाइप ठरवतो. त्याचं साधं कारण नाशिकच्या जमिनीत आहे. पाइप एक मीटर खोल पुरायचा. वर थोडी काळी माती किंवा मुरूम, आणि खाली बसाल्ट लागला की खणणाऱ्याचा दर एकदम बदलतो. तो चर १५० साठीही खणायचा आहे आणि २०० साठीही. फरक राहतो तो पोलादाचा: २०० च्या पाइपाला मीटरमागे सुमारे १२ किलो जास्त, म्हणजे १२०० मीटरला जवळपास १४ टन. हा खर्च खरा आहे, पण एकदा पुरलेला पाइप पुढे मोठा करता येत नाही. पंप बदलता येतो.

२०० च्या पाइपाचा आतला व्यास साधारण २०७ मिलिमीटर, आणि त्यात घर्षण १५० च्या चौथ्या हिश्श्याहूनही थोडं कमी. रिंग २०० ची केली की टेकाडावरच्या वसतिगृहाशी सगळे व्हॉल्व्ह उघडे असताना ३.८१ बार मिळतात. आता उत्तरेचा पंप हाऊस ते वसतिगृह हा भाग बंद धरला, म्हणजे पाणी दक्षिणेकडून पूर्ण वळसा घालून येतं, तर ३.२७ उरतात. थोडेच कमी पडतात. ही तूट चढाने केलेली आहे, पाइप अजून मोठा करून ती भरणं महागात जातं. इथे पंपाचं हेड ७० वरून ७५ मीटर केलं की जवळपास अर्धा बार मिळतो आणि आकडा ३.७६ होतो. या संकुलाला माझं उत्तर म्हणूनच २०० ची रिंग आणि ७५ मीटर हेडचा पंप. पाइपाने घर्षण सोडवायचं, पंपाने चढ.

कुणी म्हणेल, १५० ठेवा आणि पंपच मोठा घ्या. वर्कशॉपच्या हिशेबाला ते चालूनही जाईल. पण पाइप जुना झाला की आतून खडबडीत होतो, C १२० वरून १०० वर येतो आणि घर्षण ४० टक्क्यांनी वाढतं. जिथे घर्षणच मोठं आहे तिथे ही वाढही मोठी. १५० च्या रिंगमध्ये वर्कशॉपशी नव्यात मिळणारे ३.८९ त्यामुळे ३.५६ वर येतात, तेही सगळे व्हॉल्व्ह उघडे असताना. २०० च्या रिंगमध्ये हाच फरक दशांश बारच्याही आत राहतो.

साइटवर खात्री कशी करायची

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो, हे इमारत सांभाळणाऱ्यांना माहीत असतं. त्या निमित्ताने हायड्रंट उघडले जातातच. तेव्हाच ही चाचणी करून घ्यावी.

जे हायड्रंट उघडणार त्यांवर गेज लावू नका. त्यांच्या शेजारचा, बंद राहणारा हायड्रंट निवडा आणि त्याच्या तोंडाला गेज बसवलेली टोपी लावून त्याचा व्हॉल्व्ह उघडा. आधी स्थिर दाब लिहून घ्या. मग वर्कशॉपमागे २० मिलिमीटरच्या तीन नोझल चालू करा. एकेक ४८० च्या आसपास, म्हणजे तीन मिळून १४४० लिटर, आपल्याला हवे तेवढेच. ग्रंथालयापाशीही तशाच तीन. सगळ्या सहाही चालू झाल्यावर मेन पंप स्थिर होऊ द्या आणि मग गेज वाचा. मिनिटाला जवळपास तीन हजार लिटर पाणी सुटतंय हे लक्षात ठेवून टाकी भरलेली ठेवा, आणि पाणी बागेत किंवा मैदानात काढा.

गेज वाचताना एक बारकावा आहे. ज्या हायड्रंटवर गेज आहे त्यातून पाणी वाहत नाही, त्यामुळे उभ्या पाइप-व्हॉल्व्हचा ०.४ बार खर्च त्या आकड्यात आलेला नसतो. वाचलेल्या आकड्यातून तो वजा करा. म्हणजे १५० ची रिंग आणि ७० मीटरचा पंप असेल तर वर्कशॉपशी गेजवर ४.३ च्या जरा खाली दिसायला हवं. जरा खाली, कारण दाब ३.५ पेक्षा जास्त असल्याने नोझलही थोडं जास्त पाणी ओढतात. गेजवर ३.९ च्या खाली काही दिसलं तर हायड्रंटच्या तोंडाशी ३.५ उरलेले नाहीत.

दक्षिणेचा भाग पूर्ण बंद असेल तर गेज हिशेबातल्या १.२६ इतकं खाली उतरणार नाही. दाब पडला की नोझल कमी पाणी देतात, पाणी कमी झालं की घर्षणही कमी होतं, आणि पंप कमी पाण्यावर थोडा जास्त दाब देतो. त्यामुळे आकडा तीनच्या थोडा खाली कुठेतरी थांबतो. नेमक्या याच आकड्याला लोक ‘ठीकच आहे’ म्हणून सोडून देतात. पण ५.५ वरून तीनच्या खाली घसरलेल्या रिंगमध्ये काहीतरी अडलेलं आहे हे नक्की.

कुठे अडलंय ते शोधणं सोपं आहे. नोझल चालूच ठेवून गेजची टोपी घेऊन रिंगवरून चालत जा आणि एकामागून एक हायड्रंट वाचा. प्रत्येक ठिकाणच्या लेव्हलचा फरक वजा करा. निरोगी १५० च्या रिंगमध्ये ६० मीटर अंतरावरच्या दोन हायड्रंटमध्ये घर्षणाचा फरक दशांश बारही नसतो, साध्या गेजवर तो दिसायचाही नाही. जिथे दोन शेजारच्या हायड्रंटमध्ये अर्धा-एक बार एकदम पडलेला दिसेल, त्या दोघांमधला व्हॉल्व्ह पूर्ण किंवा अर्धवट बंद आहे. चेंबर उपसा, स्पिंडल शेवटपर्यंत फिरतो का पाहा. बटरफ्लाय व्हॉल्व्ह असेल तर वरची खूण दांड्याशी खरोखर जुळते का तेही तपासा, कारण खूण सैल होऊन ‘उघडा’ दाखवत राहिल्याची प्रकरणं आहेत.

व्हॉल्व्ह सगळे उघडे आणि तरीही दाब कमी असेल तर पंप हाऊसमध्ये जा. डिलिव्हरीवरचं गेज पूर्ण प्रवाहात ६.८ च्या आसपास हवं. ते कमी असेल तर दोष रिंगचा नाही. सक्शनची गाळणी तुंबलेली असेल, किंवा टाकीची पातळी खाली गेली असेल, किंवा पंप थकला असेल.

राहिला गेटजवळचा हायड्रंट. पंपाचं हेड वाढवलं की त्रास त्याला होतो. प्रवाह नसताना पंप आपल्या ठरलेल्या हेडच्या १२० टक्क्यांपर्यंत दाब देऊ शकतो. ७५ मीटरच्या पंपाला ते ९० मीटर, म्हणजे ८.८ बार, आणि गेटजवळ चढही नाही, घर्षणही नाही. २० मिलिमीटरच्या नोझलचा मागे रेटा ३.२ बारला साधारण २० किलोइतका असतो, ७ बारला ४५ च्या जवळ जातो. कॅम्पसचा सुरक्षारक्षक ती होज एकट्याने धरू शकत नाही. म्हणून पंप हाऊसजवळच्या ज्या हायड्रंटवर चालू दाब ७ बारच्या वर जातो, त्यांच्या व्हॉल्व्हमागे दाब कमी करणारी ओरिफिस प्लेट बसवायची. प्रत्येक प्लेटचं भोक त्या जागेच्या दाबाप्रमाणे वेगळं असतं, म्हणून प्लेटवर आणि हायड्रंटवर एकच क्रमांक कोरून घ्यावा. दुरुस्तीच्या वेळी गेटची प्लेट वसतिगृहाच्या हायड्रंटला लागली, तर तिथला उरलेला दाब पुन्हा ३.५ च्या खाली जाईल.